छत्तीस दिवसांचा हिशेब

पहाटे ४:५०

लेक उठली. अंधारातच तिला जवळ घेतलं, डाव्या हातावर तिचं डोकं ठेवलं आणि उजव्या हातात फोन घेतला. काल संध्याकाळी प्लेसमेंटच्या मॅडमचा मेसेज आला होता, तो पुन्हा वाचला. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीनिअर अकाउंटंट हवा आहे. कामगार आणि स्टाफ मिळून सव्वाशे माणसं, आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास. करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड, नोटीस पिरियड आणि जॉइनिंगची तारीख उद्या संध्याकाळी सहापर्यंत कळवा.

'उद्या' म्हणजे आज, मंगळवार, एक जुलै. लेक साडेसात महिन्यांची आहे. इंदिरानगरातल्या आमच्या घरापासून अंबडचा कारखाना स्कूटरवर पंधरा मिनिटांच्या आत येतो. जागा मला हवी आहे. पण पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ मी जाणार नाही, कारण एप्रिलमध्ये तसं गेले होते आणि काय झालं ते मला माहीत आहे.

एका अंगठ्यानं लिहायला सुरुवात केली. 'नमस्कार मॅडम, संधीबद्दल खूप आभारी आहे. माझी मुलगी खूप लहान आहे, त्यामुळे सुरुवातीला थोडं समजून घेतलंत तर बरं होईल. वेळेच्या बाबतीत थोडी फ्लेक्सिबिलिटी मिळाली तर उपकार होतील. पगार थोडा कमी दिलात तरी चालेल.' लेक पिता पिता झोपली. मी मेसेज पाठवला नाही, तसाच ठेवला.

सकाळी ६:३०

नवऱ्याची या आठवड्यात पहिली पाळी आहे, तो सव्वासहालाच गेला. कुकर लावला आणि ओट्याशी उभी राहून पहाटेचा मजकूर वाचला. त्यात तीन वेळा 'थोडं' आलं होतं. थोडं म्हणजे किती, ते कुठेच नव्हतं.

मी आठ वर्षं हिशेबाचं काम केलं आहे. कुणी व्हाउचरवर 'थोडा खर्च' असं लिहून आणलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. मग माझ्याच मेसेजमध्ये आकडा का नव्हता? कारण मी मागत होते, आणि मागणारा माणूस आकडा सांगायला भितो, न जाणो समोरच्याला जास्त वाटायचा. पण आकडा नसला की समोरचा आपल्या मनानं धरतो, आणि तो आपल्या मागणीपेक्षा नेहमी मोठाच असतो. 'फ्लेक्सिबिलिटी' वाचून एकाला वाटेल ही अर्धवेळ नोकरी मागते आहे, दुसऱ्याला वाटेल ही मनाला येईल तेव्हा येणार. तिसरा म्हणेल, फ्लेक्सिबल आहे ना, मग रात्री नऊला फोन केला तरी चालेल.

सासूबाई चहाला आल्या. त्यांना सांगितलं, आई, आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. त्या म्हणाल्या, "कळव की. मी आहे. फक्त मला दिवसभर एकटीनं नको गं. दुपारनंतर माझे गुडघे ऐकत नाहीत, हिला उचलून उठायचं म्हटलं की भीती वाटते."

हे त्यांनी स्पष्ट सांगितलं हे फार बरं झालं. मेसेज त्यांच्या गुडघ्यांपासूनच सुरू व्हायला हवा होता.

सकाळी ७:१५

फ्रिजवर नवऱ्याच्या पाळ्यांचा कागद चिकटवलेला आहे. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी रात्री अकरा ते सकाळी सात. आठवड्याला बदलते. मी त्याच्या शेजारी पेन्सिलीनं माझ्या वेळा मांडल्या.

पहिल्या पाळीत तो पावणेचारला घरी येतो. तोपर्यंत आई एकट्या, पण त्यानंतर त्यांना विश्रांती. दुसऱ्या पाळीत तो सव्वादोनपर्यंत घरात असतो आणि तिथून पुढे आई एकट्या, म्हणजे मला पाचच्या आत यायलाच हवं. तिसऱ्या पाळीत तो सकाळी येऊन झोपतो, एकच्या सुमारास उठतो आणि मग लेकीला घेतो. तिन्ही आठवड्यांत चालणारी पूर्ण दिवसाची एकच वेळ निघाली: सकाळी ८ ते दुपारी ४:३०, मध्ये अर्धा तास जेवण. काम आठ तासच, कारखान्याच्या ऑफिसची वेळ नऊ ते साडेपाच असेल तर तासभर आधी सुरू आणि तासभर आधी बंद, एवढाच फरक.

मला फ्लेक्सिबल म्हणून जे हवं होतं ते खरं तर एक ठरलेली वेळच होती, इतरांच्या वेळेपासून तासभर सरकलेली. मग तेच लिहायचं.

सकाळी ९:३०

आईंनी लेकीला अंघोळ घातली, मी मामाच्या दुकानाची बिलं घेऊन बसले. पंचवटीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. मे महिन्यापासून त्याच्या विक्रीची बिलं टॅलीत घालणं आणि दर महिन्याला जीएसटीची विवरणपत्रं भरणं मी घरून करते. जून संपला, आता ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ जायला हवं. आज बेचाळीस बिलं होती. त्यातल्या एकावर ग्राहकाच्या जीएसटी नंबरचा एक आकडा चुकला होता. तसंच गेलं असतं तर त्या ग्राहकाला कराची वजावट दिसली नसती आणि पुढच्या महिन्यात त्याचा मामाला फोन आला असता. मामाला फोन करून बरोबर नंबर घेतला.

बिलं घालताना लक्षात आलं की नोकरी सोडल्यापासूनच्या दोन महिन्यांबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. कारखान्याचा माणूस पहिला प्रश्न तोच विचारणार. आणि त्याला एका ओळीचं खरं उत्तर आहे: एप्रिलअखेर राजीनामा, मे-जून घरून एका दुकानाचे हिशेब आणि जीएसटी. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. गरोदरपण, बाळंतपण, घरची परिस्थिती यातलं काही त्या ओळीत येत नाही.

सकाळी ११:१०

लेक झोपली. पुण्याच्या मावसबहिणीला फोन केला. तिनं सहा वर्षं प्लेसमेंटमध्ये काढली आहेत. पहाटेचा मजकूर तिला वाचून दाखवला. ती पूर्ण ऐकेपर्यंत थांबली, मग म्हणाली, "ताई, यातलं त्यांनी कंपनीला काय पाठवायचं?"

मला प्रश्नच कळला नाही. तिनं समजावलं. प्लेसमेंटवाले आपला मेसेज कंपनीला दाखवत नाहीत. त्यांच्याकडे एक शीट असते. नाव, अनुभव, आत्ताचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस, राहण्याचं ठिकाण आणि शेवटी रिमार्क. एका जागेसाठी आठ-दहा नावं जातात. माझं सगळं म्हणणं त्या रिमार्कच्या एका चौकटीत बसणार, आणि ती ओळ मी दिली नाही तर त्या मॅडम घाईत स्वतः लिहिणार. "काय लिहितील सांगू? 'स्मॉल बेबी, नीड्स फ्लेक्सिबल टायमिंग'. एवढंच. आणि समोरचा पुढचं नाव बघणार."

म्हणून उचलून जशीच्या तशी चिकटवता येईल अशी ओळ आपणच द्यायची. तारीख, किती आठवडे, त्यानंतर पूर्ण वेळ. बाळाचा उल्लेख त्या ओळीत नको, खाली मजकुरात असू दे.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती मला माहीतच नव्हती. या लोकांना कंपनीकडून बऱ्याचदा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी फी मिळते. आणि बऱ्याच करारांत अशी अट असते की माणूस ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर दुसरा माणूस फुकट द्यायचा. "त्या मॅडमना तुझ्या बाळाची काळजी नाही वाटत, ताई, त्या ९० दिवसांची वाटते. तू टप्प्याटप्प्यानं येणार म्हटलंस की त्यांच्या मनात येतं, ही टिकते की नाही. त्याचं उत्तर दे."

तिसरं, पगार. मी 'थोडा कमी दिलात तरी चालेल' लिहिलं होतं, आणि मनात ३८ हजारांचा आकडा होता. आधीच्या ठिकाणी ४२ होते. यावर ती चिडलीच. "सहा आठवडे कमी तास करणार म्हणून कायमचा पगार उतरवतेस? कमी तासांचे पैसे कापायला सांग, दर कशाला कमी करतेस? ऑफर लेटरमध्ये सीटीसी पूर्ण वेळेचाच यायला पाहिजे, आणि सुरुवातीच्या आठवड्यांचं वेगळं कलम. नाहीतर पुढच्या वर्षी वाढ मिळेल ती त्या उतरलेल्या आकड्यावर."

फोन ठेवून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. हिशेबातली ही चूक मी दुसऱ्या कुणाच्या कागदावर एका नजरेत पकडली असती.

दुपारी १२:४५

लेकीला नाचणीची पेज भरवली. चार चमचे गेले, दोन अंगावर आले. मग माझ्याजवळ आली.

टप्पे का हवेत ते इथेच, या वेळी सांगायला हवं. मला २६ आठवड्यांची रजा होती. कायद्यानं त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी घेता येतात, मी सहा घेतले, त्यामुळे बाळंतपणानंतर वीस उरले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जुन्या ऑफिसात हजर झाले. एप्रिल म्हणजे वर्षअखेरीच्या नोंदींचा महिना. पहिल्या दिवशी दहा तास थांबले, दुसऱ्या दिवशी तेवढेच. मी अर्धा दिवस मागितला, तेव्हा 'यायचं तर पूर्ण या' असं उत्तर मिळालं.

अंगावरचं दूध मागणीप्रमाणे तयार होतं. बाळ जितक्या वेळा पितं, तेवढं शरीर बनवत राहतं. दर अडीच-तीन तासांनी पाजणारी बाई अचानक दहा तास लांब राहिली तर दूध थांबत नाही, ते साठतं. तिसऱ्या दिवशी छातीत कडक गाठ आली, पाचव्या दिवशी त्या जागी लाल होऊन ताप १०२ वर गेला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, पाजणं कमी करायचं असेल तर एकेक वेळ कमी करा, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या, शरीराला कळायला वेळ लागतो. घरी लेक बाटलीला तोंड लावत नव्हती. आई तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायच्या आणि मी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी राहून हातानं दूध काढून बेसिनमध्ये सोडायचे. तीन आठवडे हे केलं आणि राजीनामा दिला. ते दूध बेसिनमध्ये जाताना बघणं मी विसरलेले नाही.

त्यामुळे माझे टप्पे कुणाच्या दयेवर ठरत नाहीत, पाजण्याच्या वेळांवर ठरतात. चार तास बाहेर राहिले तर मधली एकही वेळ चुकत नाही, जाताना आणि आल्यावर पाजता येतं. सहा तास राहिले तर एक वेळ चुकते, एकदा पंपानं दूध काढावं लागेल. आठ तासांना दोनदा. त्यासाठी आतून कडी लागणारी खोली, एक प्लग आणि फ्रिजमध्ये एका डब्याची जागा लागते. काढलेलं दूध बाहेर साधारण चार तास टिकतं, उन्हाळ्यात तेवढंही धरू नये, फ्रिजमध्ये मात्र ते चार दिवस राहतं.

दुपारी २:३०

आता कॅलेंडर. हिशेबाच्या माणसाचा महिना सारखा नसतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला प्रॉव्हिडंट फंड, २० ला जीएसटीआर-३बी. वीस तारीख गेली की महिनाअखेरच्या पगारांपर्यंत जरा श्वास घेता येतो. त्यामुळे जॉइनिंग १ तारखेला मागणं चुकीचं, आल्या आल्या तारखांच्या धबडग्यात सापडेन आणि टप्पे पहिल्याच आठवड्यात मोडतील. २१ जुलै सोमवार येतो. तो धरला.

पहिला टप्पा २१ जुलै ते २ ऑगस्ट, १२ दिवस, रोज ४ तास. दुसरा ४ ऑगस्ट ते ३० ऑगस्ट, २४ दिवस, रोज ६ तास. १ सप्टेंबरपासून रोज ८ तास. मधल्या सुट्ट्या धरल्या नाहीत.

मग बेरीज केली. पहिल्या टप्प्यात रोज ४ तास कमी, बारा दिवसांचे ४८. दुसऱ्यात रोज २ तास कमी, चोवीस दिवसांचे ४८. एकूण ९६ तास. आठनं भागलं तर १२ दिवस.

मी पुन्हा करून पाहिलं. बारा दिवसच. पहाटेपासून ज्या गोष्टीसाठी मी 'उपकार' हा शब्द वापरत होते, ती ३६ दिवसांवर पसरलेली बारा दिवसांची बिनपगारी रजा होती. कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन यासाठी ऑफिसं तेवढी देतात.

पैसेही मांडले. अपेक्षित पगार ४५,५००. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला १,७५०. बारा दिवसांचे २१,०००. पहिल्या टप्प्यात १०,५०० आणि दुसऱ्यात तेवढेच. हे आमच्या घराला जड आहे, पण मामाच्या कामाचे पैसे आहेत, निभेल.

एक गोष्ट जवळजवळ सुटली होती. ३१ जुलैला टीडीएसचं तिमाही विवरणपत्र असतं आणि तो दिवस माझ्या चार तासांच्या टप्प्यात येतो. कारखान्याचा अकाउंट्स मॅनेजर कॅलेंडर उघडून पहिलं हेच बघेल. म्हणून ठरवलं की त्या दिवशी पूर्ण आठ तास थांबायचं आणि १ ऑगस्टला जायचं नाही. तसंच ७, ११ आणि २० ऑगस्टला आठ तास, दुसऱ्या दिवशी दोन तास कमी. बेरीज ९६ च राहते. एखाद्या दिवशी आठ तास झाले तर पंप दोनदा वापरायचा, ते जमेल, रोज आत्ताच नाही जमणार. ३१ जुलैला नवऱ्याची कुठली पाळी येते ते फ्रिजवरच्या कागदावर बघून घेतलं.

दुपारी ३:५०

नवरा आला. हात धुऊन त्यानं लेकीला घेतलं आणि मी त्याला मांडणी वाचून दाखवली. तो म्हणाला, "पैसे कापा हे तू आधीच कशाला सांगतेस? त्यांना म्हणू दे ना."

यावर आमचं बरंच बोलणं झालं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, सौद्यात आपण होऊन खाली येऊ नये. पण मला वाटतं, पैशांचा प्रश्न उघडा ठेवला तर कंपनी तो आपल्या पद्धतीनं मिटवते, आणि ती पद्धत म्हणजे सीटीसीच कमी करणं. कमी तासांचा पगार कमी, दर तोच, असं मी लिहिलं की चर्चा बारा दिवसांपुरती राहते. शेवटी तो म्हणाला, लिही.

मग मी कायद्याचा परिच्छेद लिहायला घेतला आणि तो वाढत गेला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, त्यात ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुटीशिवाय पाजण्यासाठी दोन वेळा सुटी, हे तर कायद्यात आधीपासूनच आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सगळं आलेलं आहे. लिहिता लिहिता माझा सूर बदलला. एप्रिलचा राग त्यात उतरायला लागला, आणि तो या मॅडमवर निघत होता, ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

शिवाय एक गोष्ट नीट बघायला हवी. टप्प्याटप्प्यानं रुजू होणं आपल्या कायद्यात कुठेच नाही. ते दोघांच्या संमतीनं ठरतं. पाजण्याच्या दोन सुट्या कायद्यानं मिळतात. दोन्ही एका वाक्यात कालवले तर जे हक्काचं आहे तेही विनंतीसारखं दिसतं आणि जी विनंती आहे ती धमकीसारखी. म्हणून टप्प्यांचा प्रस्ताव वेगळा, आणि सुट्यांची ओळ खाली वेगळी, साध्या माहितीसारखी. पाळणाघराबद्दल फक्त प्रश्न. लेक माझ्याबरोबर कारखान्यात येणार नाही, त्यामुळे त्या दोन सुट्यांत दूध काढायचं आहे हेही सरळ लिहायचं, मागून गैरसमज नको.

संध्याकाळी ५:२०

लेक बाबांबरोबर खाली गेली. मी शेवटचा मजकूर लिहिला. तो असा:

'नमस्कार मॅडम. अंबडच्या सीनिअर अकाउंटंटच्या जागेसाठी माझं नाव जरूर पाठवा.

अनुभव ८ वर्षं: टॅली, जीएसटी, टीडीएस, पगारपत्रक. शेवटचा पगार महिना ४२,०००. अपेक्षित ४५,५००. नोटीस नाही. एप्रिलअखेर आधीची नोकरी सोडली, मे-जूनमध्ये घरून एका दुकानाचे हिशेब आणि जीएसटी करते आहे.

रिमार्कसाठी ओळ: २१ जुलैला रुजू, सहा आठवडे टप्प्यानं (२ आठवडे ४ तास, ४ आठवडे ६ तास), १ सप्टेंबरपासून पूर्ण ८ तास, कमी तासांचा पगार कमी.

तपशील: मी बाळंतपणाच्या रजेनंतर परत येते आहे, मुलगी साडेसात महिन्यांची आहे. टप्प्यांत एकूण ९६ तास, म्हणजे १२ दिवस कमी भरतात. तेवढा पगार कापावा; ऑफर लेटरमध्ये सीटीसी पूर्ण वेळेचा असावा आणि टप्प्यांचं वेगळं कलम असावं. ३१ जुलै आणि ७, ११, २० ऑगस्ट या दिवशी पूर्ण वेळ थांबेन, ते तास पुढच्या दिवशी कमी करेन. १ सप्टेंबरपासून माझी वेळ सकाळी ८ ते दुपारी ४:३० अशी असावी. तारखांच्या दिवशी आधी कळवलं तर साडेपाचपर्यंत थांबता येईल.

मुलगी १५ महिन्यांची होईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, कायद्यानुसार दोन वेळा सुटी लागेल. त्या वेळात दूध काढण्यासाठी आतून बंद होणारी खोली आणि प्लग हवा. कंपनीत पाळणाघराची सोय कशी आहे तेही कळवावं.

घरी मुलीला सांभाळायला सासूबाई आणि माझे पती आहेत. पहिल्या ९० दिवसांतले शेवटचे सात आठवडे मी पूर्ण वेळ असेन.'

शेवटच्या दोन वाक्यांवर मी अडले. सांभाळायला कोण आहे हे पुरुष उमेदवाराला कुणी विचारत नाही, आणि मी न विचारता सांगते आहे हे मला खुपलं. पण मला ही जागा हवी आहे, आणि हा प्रश्न फोनवर येणारच हे मावसबहिणीनं सांगितलं होतं. फोनवर उत्तर देताना आवाज कापतो, लिहिताना कापत नाही. ठेवलं.

५:४१ ला पाठवलं.

संध्याकाळी ६:३५

भात लावत होते तेव्हा मॅडमचा फोन आला. आभार वगैरे काही नाही, थेट प्रश्न. "एक सप्टेंबर नक्की ना? पुढे ढकलणार नाही?"

"नक्की," म्हटलं. "मुलगी आजारी पडली तर कुणीही आई घेते तशी रजा घेईन. पण टप्पा वाढवणार नाही."

"आणि त्यांनी चार आठवड्यांत पूर्ण वेळ मागितला तर?"

याची तयारी मी केली नव्हती. क्षणभर थांबले. मग कॅलेंडर डोळ्यांपुढे आणलं आणि सांगितलं की पहिला टप्पा एका आठवड्यावर आणता येईल, दुसरा तीनच्या खाली नाही, कारण शरीराला तेवढा वेळ लागतो. त्या "हं" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खोलीचं मी बोलते. त्यांच्याकडे फर्स्ट एडची खोली आहे, मी पाहिली आहे, कडी आहे. पाळणाघराचं मला माहीत नाही, विचारते. रिमार्कमध्ये तुमची ओळ तशीच टाकली आहे. उद्या ११ वाजता त्यांचे अकाउंट्स मॅनेजर तुम्हाला फोन करतील. ३१ जुलैचं त्यांना विचारायचं होतं म्हणे, मी म्हटलं, ते त्यांनी आधीच लिहिलंय."

फोन ठेवला तेव्हा भाताला शिट्टी झाली होती की नाही तेच कळेना.

रात्री ९:१०

लेक झोपायच्या आधी आईंशी ठरवलं. नोकरी मिळो न मिळो, उद्यापासून सकाळी साडेदहाची एक वेळ माझ्याकडून काढायची. त्या वेळेचं दूध मी आज रात्री पंपानं काढून ठेवलं आहे, फ्रिजच्या मागच्या बाजूला, वर तारीख लिहून. बाटली तिला नको असते, पण परवा औषध वाटी-चमच्यानं घेतलं होतं, म्हणून वाटी-चमचाच. भरवताना मी खोलीत नसायचं, कारण माझा वास आला की ती चमचा ढकलते.

आईंनी चांदीची छोटी वाटी कपाटातून काढली, माझ्या नवऱ्याच्या बारशातली. चमचा जरा मोठा वाटला म्हणून दुसरा शोधला. दोन्ही उकळत्या पाण्यात घालून, निथळून स्वच्छ फडक्यावर उपडे ठेवले. मग मला म्हणाल्या, "तू अकराला फोनवर असशील ना, मग साडेदहापासून गॅलरीतच बस. दार मी लावून घेते."